७२ मिनिटांतलं एक मिनिट

महाराष्ट्रात व्याख्यानमालांना तोटा नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि आज तालुक्याच्या गावातही उन्हाळ्यात नाहीतर गणपतीत पाच-सात दिवसांची माला होतेच. अलीकडे सभागृहाच्या मागच्या बाजूला ट्रायपॉडवर कॅमेरा उभा असतो आणि भाषण दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढतं. चढतं आणि तिथंच पडून राहतं. मग कार्यकारिणीच्या बैठकीत एखादा तरुण सदस्य म्हणतो, की याचे उभे तुकडे करून टाकू, शॉर्ट्स आणि रील म्हणून. लोक ते तरी बघतील.

सूचना रास्त आहे, आणि आता त्यासाठी कुणाला रात्रभर एडिटिंगला बसावं लागत नाही. ओपस क्लिपसारख्या सेवेला भाषणाची लिंक दिली, की ती थोड्या वेळात दहा-वीस तुकडे काढून देते आणि प्रत्येक तुकडा किती चालेल याचे शंभरपैकी गुणही देते. हेच काम संगणकावर मोफत साधनं जोडूनही करता येतं. हे गुण येतात कुठून आणि त्यांच्यावर विसंबावं किती, हे समजण्यासाठी एक व्याख्यान उदाहरण म्हणून धरू. विषय भूजल, वक्ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, लांबी ७२ मिनिटं. फळ्यावर खडूनं आकृत्या, मधूनमधून गावाकडच्या गोष्टी.

पहिलं काम भाषण लिहून काढण्याचं. तुकडे निवडणारी बहुतेक साधनं चित्राकडे जवळजवळ बघतच नाहीत, ती वाचतात. त्यासाठी बोलणं अक्षरांत आणणारं सॉफ्टवेअर लागतं. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं व्हिस्पर त्यांपैकी सगळ्यात परिचित. ते आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे घास घेतं आणि मजकूर देतं, वेळेच्या खुणांसकट. मराठी त्याला येते, पण इंग्रजीइतकी नाही. ‘मुरूम’, ‘पाषाण’, ‘आडवं बोअर’ असे शब्द आले की ते अडखळतं, आणि वक्ता फळ्याकडे तोंड करून बोलला की जास्तच. टाळ्यांच्या किंवा शांततेच्या जागी तर ते कधीकधी कुणी न उच्चारलेलं वाक्य लिहून मोकळं होतं, नाहीतर मागचंच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितं. म्हणून बोलणं कुठं आहे आणि कुठं नाही, हे आधी वेगळ्या साधनानं तपासून फक्त बोलण्याचे भागच व्हिस्परला देतात. आणि प्रत्येक शब्द नेमका कुठल्या क्षणी सुरू झाला हे पुन्हा आवाजाशी ताडून पक्कं करतात. नाहीतर पुढे कात्री शब्दाच्या मधोमध पडते.

आता आपल्या हाती नऊ हजारांवर शब्द आहेत. वाक्य सरासरी सहा सेकंदांचं धरलं, तर ७२ मिनिटांत ७२० वाक्यं होतात. तुकडा तीस ते पंचाहत्तर सेकंदांचा हवा आणि तो वाक्याच्या सुरुवातीला सुरू होऊन वाक्याच्या शेवटी संपावा, एवढीच अट घातली तरी प्रत्येक वाक्यापासून सात-आठ वेगवेगळे तुकडे निघतात. म्हणजे एका व्याख्यानातून साडेपाच-पावणेसहा हजार उमेदवार. त्यातले बरेच पहिल्या चाळणीतच गळतात. ‘म्हणून’, ‘आणि तेच’, ‘मघाशी म्हटलं तसं’ अशा शब्दांनी सुरू होणारा तुकडा मधून दार उघडल्यासारखा वाटतो, तो बाद. आयोजकांचे आभार, माइकची खरखर, ‘वेळ झालीय का हो?’ हेही बाद.

उरलेल्यांना गुण द्यायचे. हे काम हल्ली मोठ्या भाषा-मॉडेलकडे असतं. त्याला तुकड्याचा मजकूर आणि निकष दिले जातात. पहिलं वाक्य ऐकून अंगठा थांबेल का, मागचंपुढचं न ऐकताही कळेल का, शेवटी हाती काही लागतं का, आणि सांगितलेल्यात काही नवल आहे का. पहिल्या निकषाला सर्वांत जास्त वजन असतं, कारण उभ्या व्हिडिओचा प्रेक्षक निवड करून आलेला नसतो. तो बोटानं पुढे सरकवत आलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुन्हा सरकवणार असतो. मग एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांतला जास्त गुणांचा ठेवून बाकीचे काढले, की पंधरा-वीस तुकड्यांची यादी उरते.

यादी बघताना पहिली अडचण लगेच दिसते. कंजूष परीक्षकासारखं न वागता मॉडेल सगळ्यांनाच दहापैकी सात नाहीतर आठ देतं. तोच तुकडा पुन्हा दिला तर सातचे आठ होतात, आठचे सात. म्हणजे ८४ गुणांचा तुकडा ७९ गुणांच्या तुकड्याहून खरंच सरस आहे, असं मानायला फारसा आधार नसतो. जाणकार म्हणून सुट्या गुणांऐवजी जोड्या लावतात. हा तुकडा की तो, एवढंच विचारायचं. तिथंही खोट आहेच. काही मॉडेलं आधी दाखवलेल्याकडे झुकतात. तेव्हा तीच जोडी उलट क्रमानं पुन्हा विचारायची आणि दोन्ही वेळा जिंकला तरच जिंकला म्हणायचं. खर्च वाढतो, पण क्रम बराच स्थिर होतो.

मात्र या सगळ्यातून गुण चांगले वठले, तरी त्यांत एक गोष्ट मोजलेलीच नसते. त्यासाठी आपल्या उदाहरणातला सर्वाधिक गुण मिळवणारा तुकडा बघू.

तो एकतिसाव्या मिनिटाच्या पुढे सुरू होतो. प्राध्यापक खुर्चीवरून उठतात, आवाज बदलतात आणि म्हणतात: “बोअरला पाणी लागलं नाही? अजून शंभर फूट खाली जा! सोपं आहे. खाली समुद्र आहे समुद्र, आपणच पोचत नाही. पैसे कमी पडले तर सोसायटीतून काढा, पण मशीन थांबवू नका.” सभागृह हसतं. वाक्यं छोटी आहेत, पहिलाच प्रश्न थेट ऐकणाऱ्याला आहे, मागचा संदर्भ लागत नाही, शेवट ठसठशीत आहे. निकष कुठलाही लावा, हा तुकडा पहिला येणार. आणि तो प्रसिद्ध झाला, तर भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक गावोगावच्या फोनवर शेतकऱ्यांना अजून खोल बोअर मारायला सांगताना दिसेल.

कारण हा पूर्वपक्ष होता. समोरच्याचं म्हणणं आधी जोरात मांडायचं आणि मग खोडायचं, ही आपल्याकडच्या वक्त्यांची जुनी रीत आहे. प्राध्यापकांचं स्वतःचं म्हणणं सुरुवातीपासून ९४ सेकंदांनी येतं: महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे, त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. जसजसं खाली जावं तसतशा भेगा मिटत जातात आणि दगड घट्ट होतो. खाली समुद्र नाही. पण आपण तुकड्याची कमाल लांबी ७५ सेकंद ठेवली होती. म्हणजे या जागी सुरू होणारा कुठलाही उमेदवार उत्तरापर्यंत पोचूच शकत नव्हता. चूक गुण देणाऱ्यानं केली असं दिसतं, पण ती त्याच्या आधी, चौकट आखतानाच झालेली असते.

वर मराठीची रचना त्यात भर घालते. इंग्रजीत दुसऱ्याचं म्हणणं सांगताना ते कुणाचं आहे हे बहुधा आधी येतं. मराठी वक्ता आधी अख्खं म्हणणं मांडतो आणि ‘असं लोकांना वाटतं’ हे शेवटी जोडतो, कधीकधी चार वाक्यांनंतर, कधी नुसत्या ‘म्हणे’वर भागवतो, आणि कधी ते शब्दांत येतच नाही; बदललेला आवाज आणि हातवारे तेवढं सांगतात. लिहून काढलेल्या मजकुरात आवाज नसतो. तुकडा त्या शेपटाच्या अलीकडे कापला गेला, की म्हणणं वक्त्याच्या नावावर जमा.

यावर जो उपाय खरोखर चालतो, तो थोडा कंटाळवाणा आहे. तुकडे पाडण्याआधी पूर्ण भाषणाचा गोषवारा काढायचा: वक्त्याचे मुख्य दावे कोणते, त्यानं कुठली मतं खोडली, आणि हे भाषणात कुठे आहे. मग यादीतला प्रत्येक तुकडा या गोषवाऱ्यासमोर धरून विचारायचं, की भाषण संपताना वक्ता याच्याशी सहमत आहे का. शिवाय तुकड्याच्या मागची दोन आणि पुढची पाच वाक्यं वाचायची. ‘पण’, ‘खरं तर’, ‘इथंच आपण फसतो’, ‘हे मी नाही म्हणत’ यांपैकी काही दिसलं तर थांबायचं. ही तपासणी गुणांत मिसळायची नाही. मिसळली तर भारदस्त सुरुवातीचे गुण तिला गिळून टाकतात आणि उलट्या अर्थाचा तुकडा ७५ गुणांनी पास होतो. ती वेगळी ठेवायची: नापास म्हणजे बाद, गुण कितीही असोत.

बाद झालेला तुकडा वाया जातो असंही नाही. यूट्यूबनं १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा एका मिनिटावरून तीन मिनिटांवर नेली. तेव्हा नक्कल आणि उत्तर दोन्ही घेऊन दोन-सव्वादोन मिनिटांचा तुकडा करता येतो. किंवा उत्तरापासूनच सुरू करता येतं: “अजून शंभर फूट खाली गेलात तर दगड लागेल, पाणी नाही.” नकलेइतकं चटकदार नाही, पण माझं मत विचाराल तर पुरेसं आहे, आणि खरं आहे.

आता यादीत न आलेला एक तुकडा बघू. ५४व्या मिनिटाला प्राध्यापक फळ्यावर गणित मांडतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर. गुणाकार केला तर २,०२३ घनमीटर, म्हणजे वीस लाख लिटरांहून जास्त पाणी. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर तुमच्या एका एकरावर दर वर्षी ओतले जातात, ते जातात कुठं? अख्ख्या व्याख्यानातली ही सगळ्यात बळकट जागा असावी. पण यंत्राला ती दिसली नाही. गणित मांडायला तीन मिनिटं लागली, त्यातला बराच वेळ खडू चालत होता आणि तोंड बंद होतं. मजकुरात फक्त ‘गुणिले’, ‘बरोबर’, ‘हे इकडे आलं’ एवढंच उरलं. नऊ हजार शब्द वाचणारा वाचक फळा बघत नाही, हा त्याचा अर्थ.

अशा जागा माणसानंच शोधाव्या लागतात. सभागृहात बसलेल्या कुणाला तरी दुसऱ्या दिवशी काय आठवतंय ते विचारणं, हा त्यासाठी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जवळचा रस्ता आहे. टँकरचा तुकडा बनवताना खडूच्या वेळेतली शांतता कापून तीन मिनिटांचं दीड मिनिट करता येतं. टँकरचं वाक्य उचलून सगळ्यात पुढे लावण्याचा मोहही होतो, आणि पुष्कळ साधनं ते आपणहून करतात. मला ते इथं चालेल, कारण त्यानं अर्थ बदलत नाही. पण दोन वेगळ्या मुद्द्यांतली वाक्यं सलग जोडली, तर वक्त्यानं कधीच न केलेलं विधान तयार होतं. जिथं क्रम बदलला तिथं वक्त्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निवड झाली की कापणं ही एका ओळीची गोष्ट आहे. ffmpeg या मोफत साधनाला नकलेचा आणि तिच्या उत्तराचा तुकडा मागायचा तर असं लिहितात:

```
ffmpeg -ss 00:31:12.4 -i vyakhyan.mp4 -t 132 \
  -vf "crop=608:1080:820:0,scale=1080:1920" tukda.mp4
```

यातला ६०८ हा आकडा खरा त्रास देतो. आडव्या चित्राची रुंदी १,९२० ठिपके. त्यातून पूर्ण उंचीचा उभा पट्टा काढला तर फक्त ६०८ ठिपके रुंदीचा निघतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. एका जागी उभं राहून बोलणाऱ्याला तो पुरतो. आपले प्राध्यापक फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात. चेहरा ओळखून पट्टा त्यांच्यामागे सरकवणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फ्रेममध्ये सापडलेला चेहरा थोडा इकडेतिकडे असतो, आणि त्याच्यामागे पट्टा धावला तर बघणाऱ्याला बस लागल्यासारखं होतं. म्हणून चेहरा ठरावीक मर्यादेच्या बाहेर गेल्यावरच पट्टा हलवायचा, आणि हलवला तर सावकाश. टँकरच्या तुकड्यात तर वक्ता आणि गणित एका पट्ट्यात मावतच नाहीत. तिथं पडदा आडवा दुभागतात: वर फळ्याचं पूर्ण आडवं चित्र, खाली वक्ता. १,०८० रुंदीत बसवलेलं आडवं चित्र पुन्हा ६०८ ठिपकेच उंच होतं आणि खडूचे आकडे जवळजवळ निम्मे लहान दिसतात. वाचता येत नसतील तर गणित स्वच्छ अक्षरांत वेगळं लिहून लावावं.

अक्षरांवरून सबटायटलचं आठवलं. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा ती लागतातच; पण देवनागरी नीट जुळवता न येणाऱ्या साधनात ‘शक्ती’चा ‘क्ती’ फुटतो आणि ‘पाणी किती’मधली पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. एकदा फोनवर बघितल्याशिवाय सोडू नये. आणि अगदी तळाशी लावू नयेत, तिथं चॅनेलचं नाव आणि बटणं असतात.

हे सगळं करून तुकडे चालतील का? अमेरिकेतल्या एडएक्स या शिक्षणमंचावर फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख वेळा तपासून त्यांना दिसलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी मध्यमानानं सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. लहान तुकड्यांची वकिली करताना हा अभ्यास हमखास पुढे केला जातो. त्यातलीच दुसरी नोंद मात्र क्वचित सांगितली जाते: वर्गात रेकॉर्ड केलेलं उत्तम व्याख्यानसुद्धा नंतर चिरून दिलं, तर ते मुळातच छोट्या व्हिडिओसाठी योजलेल्या धड्याइतकं धरून ठेवत नाही. ते व्हिडिओ अभ्यासक्रमातले होते, बोटानं सरकवायचे नव्हते, हा फरक ध्यानात ठेवूनही ती नोंद आपल्या कामाला लागू पडते. सभागृहातला वक्ता समोरच्या माणसांशी बोलत असतो. तो पहिली दहा मिनिटं त्यांना जागेवर आणण्यात घालवतो, आणि ती वाया गेलेली नसतात.

तुकडे चढवल्यावर मिळणाऱ्या आकड्यांतही वाचायचं काय, ते ठरवावं लागतं. यूट्यूबनं ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचा व्हिडिओ नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी ‘व्ह्यू’ धरायला सुरुवात केली. तेव्हा व्ह्यूंचा आकडा फुगलेला दिसेल, त्यावरून कार्यकारिणीत पेढे वाटू नयेत. यूट्यूब स्टुडिओत किती जणांनी बघितलं आणि किती जणांनी सरकवून दिलं हे वेगळं दिसतं, आणि टिकून राहण्याचा आलेखही दिसतो. आलेख पहिल्या तीन सेकंदांत कोसळला तर सुरुवातीचं वाक्य फसलं. सुरुवात टिकून मध्येच एका जागी पायरी पडली, तर बहुधा तिथं एखादा न समजलेला शब्द आहे नाहीतर फळा वाचता आला नाही. हळूहळू उतरणारा आलेख मात्र नेहमीचाच.

हे आकडे परत गुणांच्या निकषांत घालून यंत्राला शहाणं करावं, असं पुढे कुणीतरी सुचवतंच. एका मालेतून निघतात सात भाषणं आणि तीस-पस्तीस तुकडे. त्यातला एखादा कुठल्या तरी मोठ्या चॅनेलनं पुढे पाठवला म्हणून चालतो, एखादा दिवाळीच्या दिवशी टाकला म्हणून बुडतो. एवढ्यावरून वजनं बदलली, तर यंत्र मागच्या वर्षीच्या योगायोगाला नियम मानायला शिकतं. पस्तीस तुकड्यांच्या वहीत फक्त एवढं मांडून बघावं, की यंत्रानं वर ठेवलेले तुकडे खाली ठेवलेल्यांपेक्षा जास्त टिकले का. टिकले नसतील, तर पुढच्या मालेत गुणांचा रकाना झाकून यादी वाचायला हरकत नाही.